कर्कवृत्ताच्या अलीकडची शहरे आणि विषुववृत्तावरचे देश

एखादे शहर उष्ण कटिबंधात आहे की नाही, हे ठरवायला त्याचा अक्षांश एवढी एकच गोष्ट पुरते. तिथे किती उकडते, नारळ-केळी होतात का, हिवाळ्यात स्वेटर लागतो का, यांतल्या कशाचाही या प्रश्नाशी संबंध नाही. उत्तरेला कर्कवृत्त आणि दक्षिणेला मकरवृत्त या दोन रेषांमधला पृथ्वीचा पट्टा म्हणजे उष्ण कटिबंध. दोन्ही रेषा विषुववृत्तापासून २३ अंश २६ मिनिटांवर आहेत. शहराचा अक्षांश उत्तर असो वा दक्षिण, तो या आकड्यापेक्षा कमी असला की शहर पट्ट्याच्या आत आणि जास्त असला की बाहेर.

हा आकडा आला आहे तो पृथ्वीच्या आसाच्या कलण्यातून. आस जितका कललेला, तितकाच सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सरकलेला दिसतो. साधारण २१ जूनला तो कर्कवृत्तावर बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून दक्षिणेकडे वळतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मकरवृत्तावरही असेच घडते. सूर्य जिथवर डोक्यावर येऊ शकतो, तिथवर उष्ण कटिबंध. दोन रेषांच्या आतल्या प्रत्येक ठिकाणी हे वर्षातून दोनदा घडते, रेषेवर एकदाच, आणि रेषेबाहेर कधीच नाही.

मुंबईचा अक्षांश साधारण १९ अंश उत्तर. तिथे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली काही क्षण काठीच्या बुंध्यातच गडप होते. याला शून्य सावली दिवस म्हणतात. ही मध्यान्ह घड्याळातल्या बाराची मात्र नसते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. त्यामुळे तिथे मे महिन्यात सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. बाराच्या ठोक्याला काठी रोवून बसणाऱ्याला सावली दिसतेच, आणि प्रयोग फसला असे वाटते. जुलैतला दुसरा दिवस तर बहुतेक वेळा ढगांतच जातो.

या दोन दिवसांच्या दरम्यान आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिला नेमकी तारीख गाठावी लागत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य उत्तरेकडे गेलेला असतो. दिल्लीत सावली मध्यान्हीला वर्षभर उत्तरेलाच पडते. उत्तर गोलार्धातल्या एखाद्या शहरात मध्यान्हीची सावली वर्षात कधी तरी दक्षिणेला पडत असेल, तर ते शहर उष्ण कटिबंधात आहे यात शंका उरत नाही.

महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे या पट्ट्यात मोडतात. महाराष्ट्राचे उत्तर टोकही २२ अंशांच्या आसपासच संपते. राज्याबाहेर मराठी वस्ती रुजलेल्या शहरांपैकी बडोदा आणि इंदूर आत आहेत, ग्वाल्हेर बाहेर. हवामानावरून अंदाज बांधला तर चूक होते ती अशी: बंगळूर थंड असूनही उष्ण कटिबंधात आहे आणि उन्हाळ्यात भाजून काढणारी दिल्ली त्याबाहेर. दुबईचा अक्षांश २५ अंशांहून जास्त, म्हणून तेही बाहेर.

खरी कसोटी लागते ती रेषेजवळच्या शहरांत. भोपाळचे उदाहरण घेण्यासारखे आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये भोपाळचा अक्षांश २३.२६ असा दिसतो. कर्कवृत्त २३ अंश २६ मिनिटांवर आहे हे पाठ असलेला माणूस लगेच म्हणेल, की भोपाळ अगदी रेषेवर आहे. पण हे दोन आकडे एक नव्हेत. पहिला दशांशात आहे, दुसरा अंश-मिनिटांत, आणि एका अंशात मिनिटे साठ असतात. ०.२६ ला ६० ने गुणले की १५.६ येते, म्हणजे भोपाळ २३ अंश १६ मिनिटांच्या जवळ आहे. रेषा तिथून सुमारे दहा मिनिटे उत्तरेला राहते. अक्षांशाचे एक मिनिट जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर भरते, तेव्हा अंतर वीस किलोमीटरच्या आत-बाहेर झाले. भोपाळ उष्ण कटिबंधात आहे, आणि तिथला सूर्य १४ जून आणि २८ जूनच्या आसपास असा दोनदा डोक्यावर येतो. दशांशाशीच तुलना करायची असेल, तर कर्कवृत्ताचा आकडा २३.४४ असा लक्षात ठेवावा. मग गफलत होत नाही.

याच हिशेबाने उज्जैन, अहमदाबाद आणि कोलकाता आत येतात. रांचीही आत, पण काही किलोमीटरांच्याच फरकाने. त्रिपुरा आणि मिझोरम या दोन्ही राज्यांतून कर्कवृत्त जाते, तरी त्यांच्या राजधान्या, आगरताळा आणि ऐजॉल, रेषेच्या उत्तरेला राहतात. बांगलादेशातले ढाकाही बाहेर. भारताबाहेर हवाना आणि हाँगकाँग आत आहेत, मस्कत थोडक्यात बाहेर. मक्का आत आहे आणि मदिना बाहेर. मक्केत मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन असेल तिथे सूर्याकडे तोंड केले की मक्केची दिशा मिळते, आणि नमाजाची दिशा पडताळायला या क्षणाचा उपयोग करतात.

रेषेजवळ काठीची कसोटी मात्र तोकडी पडते. आगरताळ्यात २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य माथ्यापासून जेमतेम ०.४ अंश दूर असतो. एक मीटर उंच काठीची सावली त्या वेळी सात मिलिमीटर भरेल, आणि सूर्याचे बिंबच अर्धा अंश रुंद असल्यामुळे तिची कडाही धूसर असेल. तिथे ही सावली नसल्यासारखीच वाटते. इजिप्तमधल्या आस्वानबाबत प्राचीन काळी हेच झाले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढला, तेव्हा जूनच्या त्या दिवशी तिथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो असे त्याने धरले होते. प्रत्यक्षात आस्वान तेव्हाही रेषेच्या थोडे उत्तरेलाच होते, आणि आज तर रेषेपासून सत्तरेक किलोमीटरवर आहे. अंतर वाढले, कारण कर्कवृत्तच सरकते आहे. पृथ्वीच्या आसाचा कल सध्या हळूहळू कमी होत असल्याने दोन्ही रेषा दर वर्षी सुमारे १५ मीटरने विषुववृत्ताकडे येत आहेत. एराटोस्थेनिसच्या काळापासून हा फरक तीसेक किलोमीटरचा झाला.

मोठ्या शहरांचा पसाराही अडचण करतो. ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा मध्यभाग मकरवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे उष्ण कटिबंधाबाहेर आहे, पण रेषा शहराच्या उत्तर भागातून जाते. अशा वेळी ‘शहर आत की बाहेर’ याला एक उत्तर नसते. कोणत्या जागेचा अक्षांश घेतला ते सांगावे लागते. मकरवृत्त आणि विषुववृत्त या दोन्ही रेषा अंगावर असलेला ब्राझील हा एकमेव देश आहे.

विषुववृत्त मात्र कधी सरकत नाही असे म्हणायला हरकत नाही. ग्रीनिचच्या रेखावृत्तापासून या रेषेने पूर्वेकडे निघाले, की पहिली जमीन लागते ती अटलांटिकमधल्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटराष्ट्राची, तीही रोलास नावाच्या एका चिमुकल्या बेटावर. मग आफ्रिकेचा किनारा ओलांडून गॅबन, काँगो प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, युगांडा, केनिया आणि सोमालिया असे सहा देश ओळीने येतात. युगांडा आणि केनियाच्या मध्ये रेषा व्हिक्टोरिया सरोवरावरून जाते. पुढे हिंदी महासागरात मालदीवचा समुद्र, त्यानंतर इंडोनेशियाची सुमात्रा, बोर्निओ, सुलावेसी आणि हल्माहेरा ही बेटे, आणि प्रशांत महासागरात किरिबातीचा समुद्र. दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर, कोलंबिया आणि ब्राझील ओलांडले की रेषा पुन्हा अटलांटिकमध्ये उतरते.

हे एकूण तेरा देश झाले. काही पुस्तकांत अकराच सांगतात, आणि तेही चुकीचे नाही. मालदीव आणि किरिबातीच्या कोणत्याही बेटावरून विषुववृत्त जात नाही. ते बेटांच्या मधल्या पाण्यातून जाते. फक्त जमीन मोजली तर अकरा, समुद्रही धरला तर तेरा.

या यादीत नसलेली काही नावे लोकांना हमखास फसवतात. विषुववृत्तीय गिनी या देशाच्या नावातच विषुववृत्त असले तरी त्याच्या जमिनीवरून ते जात नाही. त्याचा मुख्य भूभाग रेषेच्या उत्तरेला आहे, आनोबोन हे बेट दक्षिणेला, आणि रेषा या दोहोंमधून निसटते. पेरूची उत्तर सीमा तर विषुववृत्तापासून चारेक किलोमीटर अलीकडे येऊन थांबते. सिंगापूर रेषेपासून सुमारे १४० किलोमीटर उत्तरेला आहे. बोर्निओ बेटावर मलेशियाचाही भाग आहे, पण तो बेटाच्या उत्तरेकडचा. रेषा जाते ती इंडोनेशियाच्या वाट्यातून.

विषुववृत्तावर उकाडाच असतो हेही खरे नाही. इक्वेडोरमध्ये ही रेषा कायांबे या ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरून, साधारण ४,७०० मीटर उंचीवरून जाते आणि तिथे बारमाही बर्फ आहे. ब्राझीलमधले माकापा शहर याउलट ॲमेझॉनच्या मुखाशी, जवळजवळ समुद्रसपाटीला वसले आहे. तिथल्या फुटबॉल मैदानाची मधली रेषा विषुववृत्तावर आखली आहे, त्यामुळे दोन संघ वेगवेगळ्या गोलार्धांत उभे राहतात अशी त्या मैदानाची ख्याती आहे.

इक्वेडोरची राजधानी किटो रेषेपासून पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला आहे. शहराबाहेर मोठे विषुववृत्त स्मारक आहे आणि जमिनीवर ओढलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून लोक तिथे छायाचित्रे काढतात. उपग्रहावरून मोजणी सुरू झाल्यावर दिसले की खरी रेषा त्या पट्ट्याच्या उत्तरेला सुमारे २४० मीटरवर आहे. म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाचे दोन्ही पाय दक्षिण गोलार्धातच असतात.