बाटलीची पाठ

आमच्या समोरच्या काकूंची मुलगी न्यू जर्सीहून आली, तेव्हा आईच्या गुडघ्यांसाठी सप्लिमेंटची एक मोठी बाटली घेऊन आली. काकूंनी तीन आठवडे रोज सकाळी चहानंतर एक कॅप्सूल घेतली. मग एकदा फोनवर मुलगी म्हणाली, ‘आई, एक काय घेतेस? बाटलीवर लिहिलंय तशी घे.’ आणि काकू एकदम सहावर गेल्या. दोन दिवसांनी बाटली घेऊन त्या माझ्याकडे आल्या. पंचवीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिल्यामुळे माझ्याकडे अशा बाटल्या येतच असतात. ‘अगं, सहा जास्त नाहीत ना होत?’ एवढंच त्यांना विचारायचं होतं.

उत्तर बाटलीच्या पाठीवर होतं. पुढच्या बाजूला हळदीच्या गड्ड्याचं चित्र आणि ‘१८०० मि.ग्रॅ.’ हा ठळक आकडा. पाठीवर काळ्या चौकटीत बारीक अक्षरांत ‘सप्लिमेंट फॅक्ट्स’. अमेरिकेत ही चौकट मार्च १९९९पासून सक्तीची आहे, आणि तिच्यात कुठे काय लिहायचं हे नियमाने ठरलेलं आहे. बाटली बाजारात येण्याआधी तिला सरकारी मंजुरी मात्र लागत नाही. त्यामुळे हातात बाटली असताना ग्राहकाकडे वाचायला जे काही असतं, ते बहुतेक या चौकटीतच.

चौकटीची पहिली ओळ सर्व्हिंग साइजची, म्हणजे एका खेपेला किती घ्यायचं याची. काकूंच्या बाटलीवर ती होती ३ कॅप्सूल. त्याखाली बाटलीत अशा ३० खेपा असल्याचं लिहिलेलं. म्हणजे एकूण ९० कॅप्सूल. खालचे सगळे आकडे या तीन कॅप्सूलचे मिळून आहेत, एका कॅप्सूलचे नाहीत. काकू एकच घेत होत्या, तेव्हा प्रत्येक आकड्याचा फक्त तिसरा हिस्सा त्यांच्या पोटात जात होता.

पण कसं घ्यायचं, ते चौकटीबाहेर वेगळं छापलेलं असतं. तिथे होतं: तीन कॅप्सूल, दिवसातून दोन वेळा. नियमानुसार सर्व्हिंग म्हणजे एका वेळेला घ्यायचं जास्तीत जास्त प्रमाण. दिवसाचा हिशेब तिथे धरलेला नसतो. त्यामुळे सूचनेप्रमाणे घेणाऱ्याने चौकटीतला प्रत्येक आकडा दुप्पट करायचा. बाटलीही महिनाभर पुरत नाही, पंधरा दिवसांत संपते. पुढच्या बाजूचा तो १८०० आकडा दिवसभराच्या सहा कॅप्सूलचा होता. म्हणजे समोरचा आकडा दिवसाचा, मागचे आकडे एका खेपेचे, आणि काकू मोजत होत्या एकेक कॅप्सूल. तीन ठिकाणी तीन मापं, म्हणून सूचना आणि चौकट नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागते.

पुढे उजवीकडचा टक्क्यांचा रकाना. त्यात कॅल्शियमसमोर १५ टक्के होते. काकूंना वाटलं, कॅप्सूलमध्ये पंधरा टक्के कॅल्शियम भरलंय. तसं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक जीवनसत्त्वासाठी आणि खनिजासाठी रोजचा एक आकडा ठरवून दिला आहे, त्याला म्हणतात डेली व्हॅल्यू. कॅल्शियमचा तो आकडा १३०० मि.ग्रॅ. आहे. एका खेपेत १९५ मि.ग्रॅ. आहे, म्हणून १५ टक्के. चार वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना हे एकच माप लावलेलं असतं, त्यामुळे ते प्रत्येकाला नेमकं बसत नाही. लोहाचंच बघा. डेली व्हॅल्यू १८ मि.ग्रॅ. आहे, पण साठीच्या पुरुषाची गरज तिथल्याच शिफारशीनुसार ८ मि.ग्रॅ.ची. त्याच्या बाटलीवर १०० टक्के लिहिलं असेल, तर त्याला गरजेच्या दुपटीहून जास्त लोह मिळतं. आपल्याकडच्या बाटलीवर टक्के आयसीएमआरच्या शिफारशीवर काढलेले असतात आणि तिथे प्रौढांचं कॅल्शियम १००० मि.ग्रॅ. धरलंय. तेच १९५ मि.ग्रॅ. आपल्या लेबलवर साडेएकोणीस टक्के दिसेल. दोन देशांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर टक्के सोडून द्यायचे आणि मिलिग्रॅम जुळवायचे.

काकूंच्या बाटलीवरची माझी बोटं थांबली ती ‘ड’ जीवनसत्त्वाच्या ओळीवर. ५० एमसीजी, २५० टक्के. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचा हजारावा भाग. हा आकडा दिसायला अगदी लहान, आणि इथेच आपली माणसं फसतात, कारण आपल्याकडे डॉक्टर, केमिस्ट आणि पेशंट सगळेच ‘ड’ जीवनसत्त्वाची भाषा आययूमध्ये बोलतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू. चाळीसने गुणलं की ५०चे २००० होतात, आणि दिवसाच्या दोन खेपांचे ४०००. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय प्रौढ माणसाने रोज याच्यावर जाऊ नये, अशी जी मर्यादा अमेरिकेत सांगितली जाते, ती नेमकी ४००० आययूची आहे. टक्क्यांचा रकाना ही मर्यादा कुठेच दाखवत नाही. रोजच्या मापाच्या किती पट, एवढंच तो सांगतो. ब-१२चे हजार टक्के सहसा निरुपद्रवी असतात, पण ‘ड’च्या पाचशे टक्क्यांवर थांबून विचार करावा लागतो.

मी विचारलं, ‘काकू, डॉक्टरांनी दिलेली साठ हजारची पुडी चालू आहे का?’

‘आहे ना. दर रविवारी दुधातून. आत्ता पाचवी झाली.’

आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साधारण साडेआठ हजार आययू. डॉक्टरांनी ते विचार करून, ठरावीक आठवड्यांसाठी दिलं होतं. आता त्याच्यावर रोजचे चार हजार चढले होते, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता. ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. बरेच दिवस जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, मळमळ, बद्धकोष्ठ, आणि पुढे मूत्रपिंडाला त्रास. दोन दिवसांत काकूंना यातलं काही होणार नव्हतं, पण दोन महिन्यांत होऊ शकलं असतं.

इथवर निदान प्रत्येक गोष्टीचा आकडा तरी होता. त्याखाली एक जाड रेघ आणि मग ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’, म्हणजे कंपनीचं खास मिश्रण, ९०० मि.ग्रॅ. बाटली ज्यासाठी विकली जाते ते सगळं या एका ओळीत. टक्क्यांच्या जागी कट्यारीसारखी एक खूण, आणि तळाशी तिचा खुलासा: डेली व्हॅल्यू ठरलेली नाही. मिश्रणातली नावं अशी: हळदीची पूड, सालईचा अर्क, सुंठ, अश्वगंधा, कर्क्युमिनचा अर्क, काळ्या मिरीचा अर्क. सहा घटक आणि एकच वजन.

ज्यांची डेली व्हॅल्यू ठरलेली नाही अशा घटकांसाठी अमेरिकी नियम ही मुभा देतो. एकेकाचं वजन सांगायचं नाही, फक्त एकूण सांगायचं. जीवनसत्त्वं आणि खनिजं अशी लपवता येत नाहीत. कंपन्या म्हणतात, आमचा फॉर्म्युला प्रतिस्पर्ध्याने उचलू नये म्हणून. पण प्रतिस्पर्ध्याइतकंच ते घेणाऱ्यापासूनही लपतं, आणि मला हे पटत नाही. जो माणूस रोज सहा कॅप्सूल गिळतो, त्याला तो काय गिळतोय हे कळायलाच हवं.

तरी एक धागा हाती राहतो. मिश्रणातली नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागतात. एवढ्यावर साध्या भागाकाराने बरंच काही काढता येतं. कर्क्युमिनचा अर्क पाचवा आहे. समजा, तो २०० मि.ग्रॅ. असता. मग त्याच्या आधीचे चारही घटक निदान २००-२०० असायला हवेत. पाच दोनशे म्हणजे हजार, आणि मिश्रण आहे ९००चं. म्हणजे २०० असूच शकत नाही. एकूण वजनाला घटकाच्या क्रमांकाने भागलं की त्याची कमाल मर्यादा मिळते: ९०० भागिले ५, म्हणजे १८०. याहून जास्त कर्क्युमिन अर्क एका खेपेत नाही. याहून कमी मात्र कितीही असू शकतो, अगदी चिमटीत न येण्याइतका. पहिल्या घटकाचं उलटं. त्याची किमान मर्यादा कळते: ९०० भागिले ६, म्हणजे हळदीची पूड निदान १५० मि.ग्रॅ. आहे.

आता हे आकडे पारखून बघू. चहाचा सपाट चमचाभर हळद साधारण ३ ग्रॅम भरते, म्हणजे १५० मि.ग्रॅ. ही भाजीत टाकायच्या चिमटीहून जास्त नाही. आणि हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं सुमारे तीन टक्के. गुडघेदुखीसाठी ज्या चाचण्या झाल्या, त्यांतल्या अनेकींत दिवसाला सुमारे १००० मि.ग्रॅ. अर्क दिलेला होता. काकूंच्या बाटलीतून दोन्ही खेपा धरून तो फार तर ३६० मिळेल. म्हणजे चित्र हळदीचं, आकडा १८००चा, पण ज्या अर्कावर अभ्यास झाले तो त्यातला पाचवा हिस्साच, तोही झाला तर.

मग कमीच आहे तर बिघडलं कुठे? बिघडतं ते मिरीने. मिरीच्या अर्कातलं पिपेरिन कर्क्युमिनचं शोषण वाढवतं, पण ते काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. २०१९मध्ये इटलीत हळदीची सप्लिमेंट घेणाऱ्यांना यकृताला सूज येण्याची प्रकरणं पुढे आली, आणि अमेरिकेतही अशी नोंद झाली आहे. स्वयंपाकातल्या हळदीला घाबरायचं कारण नाही; प्रश्न अर्काचा आहे. काकू रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. त्यांच्या डॉक्टरांना कर्क्युमिन किती आणि मिरी किती हे विचारावंच लागेल, आणि बाटलीकडे त्याचं उत्तर नाही. म्हणून दोन बाटल्यांतून निवड करायची झाली तर जिच्यावर प्रत्येक घटकाचं वजन, वनस्पतीचा कोणता भाग, आणि अर्क किती टक्क्यांचा हे वेगवेगळं छापलंय ती घ्यावी, मग तिच्या पुढच्या बाजूचा आकडा लहान का असेना.

काकूंना मी सांगितलं, डॉक्टरांना भेटेपर्यंत बाटली बंद. मग आम्ही कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर दिवसाचा हिशेब मांडला. कॅल्शियम ३९० मि.ग्रॅ. ‘ड’ जीवनसत्त्व ४००० आययू, शेजारी कंसात रविवारची पुडी. हळदीची पूड निदान ३०० मि.ग्रॅ. कर्क्युमिन अर्कापुढे काकू पेन धरून थांबल्या. ‘इथे काय लिहू गं?’

‘शून्य ते ३६०, असं लिहा,’ मी म्हटलं. त्यांनी तसंच लिहिलं आणि चौकटीचा फोटो काढून तो कागद औषधांच्या डब्यात ठेवला, सोमवारी दवाखान्यात न्यायला.