चाळीस सेकंदांची कंबर

हिंजवडीतल्या एखाद्या फिजिओथेरपी क्लिनिकला कंबरदुखीवर चाळीस सेकंदांचा शॉर्ट करायचा आहे, असं धरू. तो कुणासाठी आहे हे ठरलेलं आहे: आठ-नऊ तास लॅपटॉपपुढे बसणारा आणि दुपारनंतर कंबर धरूनच खुर्चीतून उठणारा माणूस. व्यायाम एकच दाखवायचा आणि शेवटी अपॉइंटमेंट घ्यायला सांगायचं. बहुतेक शॉर्ट इथेच फसतात, कारण व्यायामाचा आणि बुकिंगचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. ‘हे करा, बरं वाटेल’ आणि लगेच ‘आजच बुक करा’. बरं वाटणार असेल तर बुक कशाला करायचं, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

म्हणून व्यायाम असा निवडावा की त्यातूनच कळेल, कुणी यायला हवं. उभं राहून मागे वाकणं हा तसा व्यायाम आहे. पाय खांद्यांइतके फाकवून उभं राहायचं, दोन्ही तळवे कमरेच्या मागे, बोटं खाली. गुडघे सरळ ठेवून कमरेतून जमेल तेवढं मागे जायचं, एक-दोन सेकंद थांबून परत सरळ व्हायचं. असं पाच-सहा वेळा. टेबलाच्या कडेला टेकून केलं तर तोल राहतो. चाकाच्या खुर्चीचा आधार मात्र घेऊ नये, ती सरकते. तासन्‌तास पोक काढून बसल्याने कण्याचा खालचा भाग पुढे वाकलेलाच राहतो आणि ताण एकाच बाजूने येत राहतो. हा व्यायाम कण्याला त्या वाकाच्या उलट दिशेने नेतो.

यामागे एक किस्सा आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधले फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला टेबलावर पालथं झोपून थांबायला सांगितलं. आधीच्या रुग्णासाठी टेबलाचं डोक्याकडचं टोक उचललेलं होतं, ते कुणी खाली केलं नव्हतं. हा गृहस्थ तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला. मॅकेन्झी परत आले तेव्हा काळजीत पडले, पण रुग्ण म्हणाला, पायातली कळ गेली. त्यातून पुढे मॅकेन्झींची पद्धत उभी राहिली. तिच्यातली एक गोष्ट शॉर्टला फार उपयोगी आहे: दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठे सरकतंय, हे बघायचं.

नितंबात किंवा मांडीत येणारी कळ वाकल्यावर वर, कमरेकडे आली, तर दिशा बरोबर आहे. मग कमरेत थोडं जास्त दुखलं तरी बिघडत नाही. कळ उलट खाली, पोटरीकडे किंवा पावलाकडे उतरली, तर तिथेच थांबायचं. शॉर्टचे पंधरा सेकंद फक्त यावर घालावेत. पडद्यावर दोन बाण पुरतात, वर जाणारा हिरवा, खाली जाणारा लाल.

आता बुकिंगचं वाक्य आपोआप सुचतं: ‘कळ खाली उतरली, किंवा दोन आठवड्यांत फरक नाही, तर येऊन दाखवा.’ ज्याची कंबर नुसती आखडली आहे तो व्यायाम करून कामाला लागेल. क्लिनिकला एक अपॉइंटमेंट कमी मिळेल, मिळू दे. जो येईल तो खरोखर गरज असलेला असेल.

एक अपवाद शॉर्टमध्ये सांगायलाच हवा. चालताना पाय भरून येतात आणि पुढे झुकलं की बरं वाटतं, अशी तक्रार वयस्कांत बऱ्याचदा कण्यातली जागा अरुंद झाल्याने असते. त्यांना मागे वाकल्याने उलट त्रास होतो. हा शॉर्ट मुलगा पाहतो आणि करायला वडिलांना सांगतो, हे घरोघरी चालतं. आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पाय उचलेनासा झाला, तर बुकिंग नाही, थेट हॉस्पिटल. पडून-झडून लागल्यावर किंवा तापासोबत सुरू झालेली कंबरदुखी असेल तर आधी डॉक्टर.

चित्रीकरण बाजूने करावं, समोरून वाक दिसत नाही. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ, तेव्हा सूचना अक्षरांत हव्यात. त्या पडद्याच्या खालच्या भागात आणि उजव्या कडेला नकोत, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. ‘लिंक खाली दिली आहे’ हे वाक्यही नको: यूट्यूबने ऑगस्ट २०२३ अखेरपासून शॉर्टच्या वर्णनातल्या लिंक उघडणं बंद केलं आहे. त्यापेक्षा व्हॉट्सॲपचा नंबर मोठ्या अक्षरांत चार-पाच सेकंद ठेवावा आणि काय पाठवायचं तेही लिहावं: ‘कळ कुठपर्यंत जाते, किती दिवसांपासून’. फोनवर बसणाऱ्या ताईंना या दोन उत्तरांवरून कळतं, उद्याची वेळ द्यायची की पुढच्या आठवड्याची चालेल, आणि कुणाला आधी डॉक्टरांशी बोलायला लावायचं.