चार परिच्छेदांचं पत्र, पाच ओळींचा मेल

नोकरीसाठी माणसं निवडून देणाऱ्याच्या संगणकावर दिवसभर एक एक्सेल शीट उघडी असते. कन्सल्टन्सीत तिला ‘ट्रॅकर’ म्हणतात. उमेदवाराचं नाव, मोबाइल, शिक्षण, एकूण अनुभव, सध्याची कंपनी, सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, सध्याचं गाव, कुठे काम करायला तयार असे तिचे रकाने असतात. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रुंद रकाना असतो. मेल आला की रिक्रूटर त्यातून हे रकाने भरतो आणि ती ओळ कंपनीतल्या संबंधित मॅनेजरकडे पाठवतो. मॅनेजर ‘हो’ म्हणाला तर फोन येतो.

आपण शाळेत शिकलेलं अर्जाचं पत्र या शीटसाठी लिहिलेलं नसतं. त्यात आधी आदर, मग आवड, मग अनुभव आणि शेवटी विनंती असते. रिक्रूटरला लागणारे आठ-दहा तपशील चार परिच्छेदांत विखुरलेले असतात, काही मुळातच नसतात. असं पत्र तो वाचत नाही, त्यात शोधत बसतो. लवकर सापडलं नाही की पुढचा मेल उघडतो. त्यामुळे पत्र लहान करताना वाक्यं छाटण्यापेक्षा या शीटच्या रकान्यांत काय काय जाईल ते बघणं महत्त्वाचं.

एक उदाहरण घेऊन बघू. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्स विभागात चार वर्षं काम केलेली एक मुलगी आहे. चाकणच्या एका कंपनीला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा आहे. जाहिरातीत उत्पादन कंपनीतला अनुभव, जीएसटी, टीडीएस, टॅली प्राइम आणि एक्सेल एवढं मागितलं आहे. ‘सॅप येत असल्यास प्राधान्य’ असंही म्हटलं आहे. तिनं लिहिलेल्या पत्राचा मधला भाग असा:

‘मी वाणिज्य पदवीधर असून मला पहिल्यापासून आकड्यांची आवड आहे. गेली चार वर्षे मी शिरोली येथील एका नामांकित फाउंड्रीत कार्यरत असून तेथे मला टॅली, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन अशा विविध जबाबदाऱ्या सांभाळण्याची संधी मिळाली. मागील वर्षी पुरवठादारांच्या बिलांच्या जुळवणीत मी घेतलेल्या मेहनतीचे व्यवस्थापनाने कौतुक केले. मी मेहनती, प्रामाणिक असून दबावाखाली काम करू शकते. काही कौटुंबिक कारणांमुळे मी पुण्यास येऊ इच्छिते.’

यात खोटं काही नाही, पण हातात धरावं असंही फार नाही. ‘मेहनती, प्रामाणिक’ हे शब्द त्या दिवशी अर्ज केलेल्या प्रत्येकानं लिहिलेले असतात. आकड्यांची आवडही तशीच. जे वाक्य दुसरा कुठलाही उमेदवार जसंच्या तसं लिहू शकतो, ते काढून टाकायला हरकत नाही. या कसोटीवर निम्मं पत्र गळतं. मात्र उरलेल्या अर्ध्याचे तुकडे करून प्रत्येकाच्या डोक्यावर टिंब ठेवलं तरीही काम होत नाही, आणि बहुतेकजण नेमकं इथेच थांबतात. ‘जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन’ हे वाक्यात असताना जेवढं मोघम होतं, तेवढंच ते मुद्द्यांत मांडल्यावरही मोघम राहतं. उलट आजूबाजूचे शब्द गेल्यामुळे ते अधिकच उघडं पडतं.

म्हणून कापण्याआधी थोडं वाढवावं लागतं. पत्र आणि जाहिरात शेजारी ठेवायची, जाहिरातीतल्या एकेका मागणीसमोर पत्रातलं वाक्य लिहायचं आणि त्या वाक्याला विचारायचं: नेमकं काय, किती, आणि त्यातलं माझ्या हातून काय झालं?

‘जीएसटी सांभाळते’ हेच घेऊ. जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरण. दर महिन्याला भरणाऱ्यांना ते पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावं लागतं. कर भरण्याचं विवरण, म्हणजे जीएसटीआर-३बी, २० तारखेपर्यंत. मधे १४ तारखेला पोर्टलवर २बी नावाचा तक्ता तयार होतो. आपल्या पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली आहेत ते त्यात दिसतं. पुरवठादारानं बिल दाखवलंच नसेल, तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट आपल्याला मिळत नाही. म्हणजे १४ ते २० या दिवसांत कुणीतरी खरेदीची बिलं २बीशी ताडून बघतं आणि राहिलेल्या पुरवठादारांच्या मागे लागतं. फाउंड्रीत हे काम हीच मुलगी करते. तिच्या पत्रात ते ‘जुळवणीत घेतलेली मेहनत’ या तीन शब्दांत दडून बसलं होतं.

विचारल्यावर कळतं की तिच्याकडे महिन्याला साधारण ३५० खरेदीबिलं येतात. मागच्या वर्षी ११ पुरवठादारांची बिलं २बीत नसल्याचं तिला आढळलं, त्यात २ लाख ४० हजारांचं क्रेडिट अडकलं होतं. पाठपुरावा केल्यावर पुढच्या काही महिन्यांत १ लाख ९० हजार सुटले. व्यवस्थापनानं कौतुक केलं ते यासाठी. रिक्रूटरला जीएसटीतलं खोलवर कळेलच असं नाही, पण तो हा आकडा शेऱ्याच्या रकान्यात जसाच्या तसा टाकू शकतो, आणि अकाउंट्स मॅनेजरला तो एका नजरेत समजतो.

आणखी एक गोष्ट विचारल्यावरच कळते. विवरणं दाखल कोण करतं? आकडेवारी ती तयार करते, दाखल करतं सीएचं ऑफिस. पत्रातल्या ‘जबाबदाऱ्या सांभाळण्याची संधी’ या गुळगुळीत शब्दांखाली हा फरक झाकला गेला होता. छोट्या ओळीत क्रियापद उघडं पडतं. तिथे ‘दाखल करते’ असं लिहिलं, तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला अडचण येते. ‘तयार करते’ लिहिणं खरं आहे आणि त्यात कमीपणाही नाही. पुष्कळ कंपन्यांमध्ये कामाची वाटणी अशीच असते. आकड्यांनाही हाच नियम लावावा. फोनवर ज्याबद्दल दोन मिनिटं बोलता येणार नाही, तो आकडा मेलमध्ये ठेवू नये.

आता मेल. प्रत्यक्षात तो इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देतो.

विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, चाकण – ४ वर्षे अनुभव, जीएसटी – नोटीस ३० दिवस

नमस्कार मॅडम,

चाकणच्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. फाउंड्रीत ४ वर्षे अकाउंट्सचे काम केले आहे. रिझ्युमे जोडला आहे.

- जीएसटी: जीएसटीआर-१ आणि ३बीची मासिक आकडेवारी तयार करते, दाखल सीए करतात.
- २बी जुळवणी: अडकलेल्या २.४ लाखांच्या क्रेडिटपैकी १.९ लाख पाठपुराव्याने सोडवले.
- खरेदी: महिन्याला सुमारे ३५० बिले, टॅली प्राइममध्ये.
- टीडीएस: दरमहा कपातीचा हिशेब आणि मुदतीत भरणा.
- शिक्षण: बी.कॉम.; एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि लुकअप रोज वापरते.

एप्रिलपासून पुण्यात राहणार आहे. सध्याचा पगार वार्षिक ३.६ लाख, अपेक्षा ४.८ लाख. दुपारी १ ते २ किंवा संध्याकाळी ६ नंतर फोनवर बोलू शकते.

खाली नाव आणि मोबाइल नंबर, बस.

मेल मुद्द्यांचा असला तरी त्यात सगळेच मुद्दे नाहीत, याकडे लक्ष द्या. पुण्याला येण्याची गोष्ट साध्या वाक्यात आहे. पत्रातलं ‘काही कौटुंबिक कारणांमुळे’ वाचून रिक्रूटरच्या मनात नको ते प्रश्न येतात. ‘एप्रिलपासून पुण्यात राहणार’ यानं त्याची शंका फिटते आणि खासगी काही सांगावंही लागत नाही. नोकरीत मधे वर्षभर खंड पडला असेल किंवा क्षेत्र बदलायचं असेल, तरीही असंच एखादं सरळ वाक्य लिहावं. ‘का’चं उत्तर मुद्द्यात बसवलं की ते तुटक आणि संशयास्पद वाटतं.

सॅपचा उल्लेख मेलमध्ये नाही, कारण तिला ते येत नाही आणि जाहिरातीत ते फक्त प्राधान्यापुरतं आहे. तेच ‘आवश्यक’ असतं तर ‘सॅप वापरलेले नाही’ असं मी लिहायला सांगितलं असतं. नाहीतर फोन येतो, पहिल्या मिनिटात हे उघड होतं आणि दोघांचाही वेळ जातो.

पगार लिहावा की नाही यावर मतं वेगळी आहेत. आपल्याकडे रिक्रूटर तो विचारतोच, म्हणून जाहिरातीत मागितला असेल तर लिहून मोकळं व्हावं. मागितला नसेल तर फोनसाठी ठेवला तरी चालतं. अमेरिकेत अर्ज करणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र आपल्या राज्याचा नियम बघावा. कॅलिफोर्नियात २०१८ पासून कंपनीला उमेदवाराचा आधीचा पगार विचारण्याची मुभा नाही, त्यामुळे आपणहून तो सांगण्याचं कारण उरत नाही.

विषयाच्या ओळीबद्दल थोडं. फोनवर मेल न उघडता दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव, विषयाचे पहिले काही शब्द आणि मजकुराची सुरुवात. तिथे ‘नोकरीसाठी अर्ज’ आणि त्याखाली ‘आपण कुशल असाल अशी आशा करते’ असं दिसलं, तर ती सगळी जागा वाया गेली. पद आधी, अनुभव त्यानंतर, नोटीस पिरियड शेवटी.

वर्डमधून मजकूर उचलून मेलमध्ये टाकला की अक्षरं लहानमोठी होतात, टिंबांच्या जागी कधी चौकोन दिसतात. क्रोममध्ये जीमेल उघडून `Ctrl+Shift+V` दाबून मजकूर चिकटवला तर तो साधा येतो. मग ओळी निवडून `Ctrl+Shift+8` दाबलं की मुद्दे तयार होतात. रिझ्युमे पीडीएफमध्ये जोडावा आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद असावं. नुसत्या ‘रिझ्युमे’ नावाच्या फाइली रिक्रूटरच्या फोल्डरमध्ये ढिगानं असतात.

हा साचा सगळीकडे चालत नाही. सरकारी भरतीत ठरलेला फॉर्मच भरावा लागतो. जाहिरातीत कव्हर लेटर जोडा असं म्हटलं असेल तर पूर्ण पत्र जोडावं आणि मेलमध्ये हे मुद्दे द्यावेत. आणि छोट्या कारखान्याचा मालक स्वतः मेल वाचणार असेल, तर त्याच्यापुढे ट्रॅकर नसतो. तो माणूस बघतो, त्यामुळे दोन चांगले परिच्छेद त्याला अधिक भावतात. हे पाच मुद्दे ट्रॅकर भरणाऱ्यासाठी आहेत.

पाठवण्याआधी मेल स्वतःलाच पाठवा आणि फोनवर उघडा. एकही मुद्दा तीन ओळींच्या पुढे गेला असेल तर तो परत परिच्छेद झाला आहे, कापा. मग घरातल्या कुणाला तरी अर्धा मिनिट दाखवा, फोन परत घ्या आणि तीनच गोष्टी विचारा: कुठली नोकरी, किती वर्षांचा अनुभव, कधीपासून येणार? तिन्हींची उत्तरं आली तर मेल पाठवा.