मर्यादा पाच लाखांची, पण मोजायची कशी?

नवीन आर्थिक वर्षाच्या तोंडावर अनेक कारखान्यांत वित्तप्रमुखांचं एक परिपत्रक फिरतं: खरेदी मंजुरीच्या सुधारित मर्यादा आणि ईआरपीतली नवी पद्धत. ईआरपी म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. परिपत्रकाच्या पहिल्या पानावर मर्यादांचा तक्ता असतो. प्रत्येक जण त्यात आपला हुद्दा शोधतो, आकडा वाढलेला दिसला की सुखावतो आणि कागद बाजूला ठेवतो. वादाचं मूळ मात्र पुढच्या पानावर असतं. तो आकडा कशाचा, हे तिथे लिहिलेलं असतं. कधी कधी लिहायचंच राहून गेलेलं असतं.

चाकण परिसरातला सुट्या भागांचा एक काल्पनिक कारखाना घेऊ. तिथे विभागप्रमुखाची मर्यादा ५० हजार झाली, प्लांट हेडची ५ लाख. त्यापुढे २५ लाखांपर्यंत वित्तप्रमुख, आणि त्याहून मोठी खरेदी एमडींकडे. देखभाल विभागाला हायड्रॉलिक पंप हवाय. कोटेशन ४,८०,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६,४००, म्हणजे एकूण ५,६६,४००. हा खरेदी आदेश, रोजच्या बोलण्यातला पीओ, प्लांट हेडनेच मंजूर करायचा की वर पाठवायचा?

परिपत्रकात ‘करांसह’ असं लिहिलं असेल तर तो वित्तप्रमुखांकडे जायला हवा. पण ईआरपी परिपत्रक वाचत नाही, त्यात भरलेला नियम वाचते. एसएपीसारख्या प्रणालीत पीओच्या मंजुरीसाठी सहसा निव्वळ किंमत पाहिली जाते आणि परत मिळणारा जीएसटी तिच्यात धरला जात नाही. म्हणजे कागद एक सांगतो आणि पडदा दुसरंच करतो. पंपाचा पीओ प्लांट हेडच्या मंजुरीवर सुटतो आणि वर्षअखेरीला ऑडिटर त्याच्यावर बोट ठेवतो. माझ्या मते मर्यादा करांशिवाय ठरवावी आणि परिपत्रकात तसं स्पष्ट लिहावं. जो कर परत मिळणार आहे, त्याच्यासाठी मंजुरीची पायरी वाढवण्यात अर्थ नाही.

पुढचा पेच जास्त अवघड आहे. पीओ मंजूर झाला, आणि चार दिवसांनी पुरवठादाराने वाहतूक आणि जोडणीचे ३०,००० मागितले. खरेदी विभागाने पीओत बदल केला, निव्वळ रक्कम ५,१०,००० झाली. प्रत्येक किरकोळ बदलासाठी पुन्हा सगळी साखळी फिरू नये म्हणून ईआरपीत थोडी सूट ठेवता येते, समजा १० टक्के. इथे ती ४८,००० होते आणि ३०,००० तिच्यात सहज बसतात. नियम एवढाच असेल, तर ५ लाखांची मर्यादा असलेल्या माणसाच्या नावावर ५,१०,००० ची मंजुरी पडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून सुटीच्या टक्क्यासोबत दुसरी अट हवी: बदलानंतर मर्यादा ओलांडली गेली, तर बदल कितीही लहान असो, पीओ नव्या पायरीवर गेलाच पाहिजे. ती अट बसवली आहे का हे पाहायला एक चाचणी पुरते. चाचणीच्या प्रणालीत असाच पीओ करायचा, मंजूर करायचा, रक्कम वाढवायची आणि तो थांबतो का ते बघायचं.

मर्यादा चुकवायची जुनी युक्ती म्हणजे काम तोडणं. १२ लाखांचं शेडचं रंगकाम ४-४ लाखांच्या तीन पीओंत बसवलं की तिन्ही प्लांट हेडपाशीच संपतात. ईआरपी प्रत्येक पीओ वेगळा पाहते, त्यामुळे तिला यात काही वावगं दिसत नाही. मागणीपत्रातही असंच होतं. मंजुरी एकूण रकमेवर नसून ओळीओळीवर असेल, तर ४० हजारांच्या तीन ओळी विभागप्रमुखाकडूनच पार होतात, बेरीज १ लाख २० हजार असली तरी. पकडायला फार हुशारी लागत नाही. महिन्याच्या पीओंची यादी पुरवठादार आणि तारखेप्रमाणे लावली, की एकाच नावाखाली, एकाच आठवड्यात, मर्यादेच्या जरा खालचे आकडे रांगेने उभे दिसतात. प्रत्येक रांगेमागे लबाडीच असते असं नाही. पुष्कळदा घाई असते. म्हणून मध्यरात्री मशीन बंद पडलं तर काय करायचं, हेही परिपत्रकात हवं: कोण तोंडी होकार देणार आणि किती तासांत तो प्रणालीत नोंदवणार.

रजेचा प्रश्न उरतोच. मंजुरी देणारा गावी गेला की पीओ अडकतात, मग पासवर्ड सहकाऱ्याला दिला जातो. तसं झालं की नोंदीत मंजुरी रजेवरच्या माणसाच्या नावावर पडते आणि जबाबदारीही त्याचीच राहते. ईआरपीत ठरावीक तारखांपुरता बदली मंजूर करणारा नेमता येतो आणि ते काही मिनिटांचं काम आहे. पुढच्या रजेचा अर्ज टाकाल, त्याच दिवशी तेही करून टाका.