उत्तर बरोबर, तरी तक्ता चुकलेला

एका विद्यार्थिनीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. x³ − 2x − 5 = 0 या समीकरणाचे मूळ न्यूटन-राफसन पद्धतीने काढायचे होते. न्यूटनने १६६९ मध्ये हेच समीकरण उदाहरणासाठी घेतले होते. अंदाजाच्या बिंदूवर आलेखाला स्पर्शिका काढायची. ती x-अक्षाला जिथे छेदते, तो पुढचा अंदाज. म्हणजे नवा x = x − f(x)/f′(x).

गैरसमज १: शेवटचे उत्तर जुळले, म्हणजे तक्ता बरोबर.

वस्तुस्थिती: तिच्या तक्त्यातून २.०९५ हे योग्य उत्तर आले होते. पण दुरुस्त्या होत्या ०.०८३३, ०.००९६, ०.००१४, ०.०००२. सुरुवातीनंतर प्रत्येक दुरुस्ती आधीच्या साधारण सातव्या भागाएवढी. योग्य तक्ता असा दिसतो:

| फेरी | x | f(x) | f′(x) | दुरुस्ती |
|---|---|---|---|---|
| १ | २ | −१ | १० | +०.१ |
| २ | २.१ | ०.०६१ | ११.२३ | −०.००५४३१९ |
| ३ | २.०९४५६८१ | ०.०००१८५७ | ११.१६१६ | −०.००००१६६ |

तिसऱ्या फेरीअखेर x = २.०९४५५१५. इथे मुळाजवळ आल्यावर दर फेरीला बरोबर अंक जवळपास दुप्पट होतात. तिच्याकडे ते एकेक करून वाढत होते. कारण विकलज 3x² − 2 ऐवजी 3x² लिहिले गेले होते. स्पर्शिकेचा उतार चुकला, तरी रेषा मुळाच्याच दिशेने नेत राहिली, फक्त सावकाश. म्हणून तपासताना आधी दुरुस्तीचा स्तंभ पाहावा.

गैरसमज २: मधे एक आकडा चुकला की सगळे पान वाया.

वस्तुस्थिती: समजा २.१ उतरवताना २.०१ झाले. पुढच्या फेरीत २.०९८९ येते आणि गाडी रुळावर येते, कारण प्रत्येक फेरी हातातला x नवा अंदाज समजूनच सुरू होते. एखादी फेरी वाढते, एवढेच. मात्र सूत्रच चुकले, तर ती चूक प्रत्येक फेरीत पुन्हा होते.

गैरसमज ३: सुरुवात कुठूनही केली तरी चालते.

वस्तुस्थिती: ० पासून सुरू केले, तर अंदाज येतात −२.५, −१.५६७, −०.५०३, −३.८२१. चार फेऱ्यांनंतर आपण मुळापासून आणखी लांब गेलेलो असतो. x = ±०.८१६ जवळ f′(x) शून्य होते, स्पर्शिका जवळजवळ आडवी पडते आणि x-अक्षाला फार दूर छेदते. म्हणून आधी चिन्ह पाहावे: f(2) = −1 आणि f(3) = 16. मूळ या दोघांच्या मधे आहे आणि −१ शून्याच्या जास्त जवळ आहे, म्हणून सुरुवात २ पासून.

विद्यार्थिनीने सुरुवात २ पासूनच केली होती. राहून गेले होते ते फक्त विकलजातले −२.