उजनीचं पाणी उपग्रहातून मोजताना

उजनी जलाशय ऐन पावसाळ्यात ढगांआड असतो. म्हणून भरल्या धरणासाठी ऑक्टोबरचं सेंटिनेल-२ चित्र घ्यावं आणि ते मे महिन्याच्या चित्राशी ताडावं. पाणी थोडा हिरवा प्रकाश परतवतं, निकट-अवरक्त मात्र जवळपास गिळून टाकतं. म्हणून सूत्र असं:

```
NDWI = (Green - NIR) / (Green + NIR)
```

हिरवा ०.०८, अवरक्त ०.०२ असेल तर उत्तर ०.६. शून्याच्या वर ते पाणी, हा नेहमीचा उंबरठा. दहा मीटरचे असे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर.

खरी गोची जलपर्णीची. तिची पानं अवरक्त परतवतात, उत्तर उणे येतं आणि भर पाण्यात जमीन दिसते. उंबरठा खाली ओढला, तर काठावरचा ओला गाळही पाण्यात मोजला जातो. त्यापेक्षा पाण्याने वेढलेले हिरवे ठिपके हातानेच पाण्यात धरावेत.