दिवस राहिले की थायरॉईडची गोळी वाढते

गरोदरपणात जास्त औषधे नकोत, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. ते बहुतेक औषधांना लागू पडते, पण कमी थायरॉईडच्या गोळीला नाही. त्या गोळीत जे आहे ते आपल्या गळ्यातली ग्रंथीच रोज तयार करते. ते कमी पडते म्हणून बाहेरून घ्यायचे, एवढेच. दिवस राहिल्यावर ती गोळी थांबवायची नाही, उलट बहुतेक जणींना वाढवावी लागते.

याचे कारण बाळाच्या मेंदूत आहे. बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कामाला लागते, आणि पुरेसे काम करायला पाचवा महिना उजाडतो. तोवर मेंदूच्या पेशी वाढणे, आपल्या जागी पोहोचणे, हे सारे आईच्या थायरॉईडवर चालते. ते फार कमी पडले तर गर्भपाताचा धोका वाढतो, आणि पुढे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

समजा, एक ताई लग्नाआधीपासून ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. पाळी चुकली, तपासणीत दिवस असल्याचे कळले. अशा वेळी डॉक्टर बहुधा आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सांगतात, म्हणजे दोन दिवस दोन-दोन. गरज पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच वाढू लागते, म्हणून नाव नोंदवायला तिसरा महिना उजाडू देऊ नये. सोनोग्राफीची तारीख लांबची असली तरी TSH ची रक्ततपासणी लगेच करावी.

ताईचा TSH आला ६.८. गरोदरपणात तो साधारण २.५ च्या खाली हवा, म्हणून डॉक्टरांनी रोज ७५ केले. चार आठवड्यांनी तो २.१ झाला. पाचव्या महिन्यात मात्र पुन्हा ४.६! गोळी तर एकही चुकली नव्हती. विचारल्यावर कळले, आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी ती सकाळीच, थायरॉईडच्या गोळीबरोबर घेत होती. लोह आणि कॅल्शियम ही गोळी पोटात शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचे अंतर हवे. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने आणि लोहाची रात्री जेवणानंतर, असे ठरवल्यावर पुढचा रिपोर्ट बरोबर आला.

थकवा, बद्धकोष्ठता, अंग जड होणे हे गरोदरपणातही असते आणि थायरॉईड कमी पडल्यावरही. त्यामुळे अंदाजाने कळत नाही, रक्तच तपासावे लागते: पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी, नंतर सातव्या महिन्याच्या सुमारास निदान एकदा. मध्ये गोळीचे प्रमाण बदलले असेल तर त्यानंतर चार आठवड्यांनी पुन्हा.

बाळंतपण झाले की डॉक्टर बहुधा आधीचीच ५० ची गोळी सुरू करतात आणि सहा आठवड्यांनी TSH पाहतात. अंगावर पाजताना ती चालते.